कप्पा ०.२९ आणि मशेरीची डबी

प्रश्न: निपाणीकडच्या गावांत १०० बायकांची तोंडं आम्ही दोघींनी वेगवेगळी तपासली. पांढरा चट्टा आहे की नाही, एवढंच नोंदवायचं होतं. ९२ टक्के जुळलं तरी सहमती मोजणारा आकडा, कप्पा, ०.२९ आलाय. गाइड म्हणतात गणित चुकलंय. प्रश्नावली दोन आठवड्यांनी परत विचारली, त्यात तंबाखूच्या प्रश्नाचा कप्पा ०.९ च्या वर आहे. म्हणजे निदान प्रश्नावली तरी बरोबर आहे ना?

उत्तर:

गणित बरोबर आहे. मला काळजी वाटते ती त्या ०.९ ची, पण आधी ०.२९ चं बघू.

तुम्ही तक्ता दिलेला नाही, पण हे दोन आकडे जुळायचे तर तो साधारण असा असणार: दोघींनाही चट्टा दिसला अशा २ बायका, दोघींनाही दिसला नाही अशा ९०, फक्त पहिलीला दिसला अशा ५ आणि फक्त दुसरीला दिसला अशा ३. म्हणजे पहिलीने एकूण ७ जणींना ‘आहे’ लिहिलं, दुसरीने ५ जणींना.

आता समजा दोघींनी तोंडात डोकावलंच नाही. पहिलीने मनाला येईल त्या ७ फॉर्मवर ‘आहे’ लिहिलं, दुसरीने तशाच ५ वर. तरी किती जुळेल? ‘आहे’वर ०.०७ × ०.०५ म्हणजे ०.००३५ आणि ‘नाही’वर ०.९३ × ०.९५ म्हणजे ०.८८३५. बेरीज ०.८८७. न बघताच जवळजवळ ८९ टक्के! मग कमवायला उरलं ०.११३, आणि तुम्ही दोघींनी प्रत्यक्ष बघून कमावलं ०.९२ वजा ०.८८७, म्हणजे ०.०३३. ०.०३३ भागिले ०.११३ बरोबर ०.२९. कोहेनने १९६० साली मांडलेला कप्पा एवढंच करतो. आयतं मिळणारं जुळणं बाजूला काढतो आणि उरलेल्यातलं किती मिळवलं ते सांगतो.

हेच ९२ टक्के दुसरीकडे बघा. दवाखान्यातल्या १०० जणींपैकी ४६ जणींना दोघींनी ‘आहे’ म्हटलं, ४६ जणींना ‘नाही’, आणि ४-४ बाबतीत मतभेद झाला. तिथे आयतं जुळणं ०.५० आणि कप्पा ०.८४. चट्टे विरळ असले की कप्पा खाली येतो, ही गोष्ट फाइनस्टाइन आणि सिचेट्टी यांनी १९९० मध्ये नीट मांडून दाखवली आहे. गाइडना तेवढं सांगितलं तर त्यांची शंका मिटेल.

पण यावर ‘चट्टे विरळ आहेत म्हणून कप्पा कमी, बाकी सगळं ठीक’ असं लिहून मोकळ्या होऊ नका. काही जण अशा वेळी चट्ट्यांच्या प्रमाणाचा परिणाम काढून टाकलेला सुधारित कप्पा देतात. तुमचा तो ०.८४ येईल आणि छान दिसेल. मी तो एकटा कधीच देत नाही, कारण तुमची खरी अडचण त्यात झाकली जाते. दोघींच्या मिळून ‘आहे’ अशा नोंदी १२, त्यातल्या जुळलेल्या फक्त ४. म्हणजे चट्ट्याबाबत सहमती ३३ टक्के आणि चट्टा नसण्याबाबत सुमारे ९६ टक्के. हे दोन आकडे कप्प्याशेजारी छापा, सोबत पूर्ण तक्ता द्या. चट्टे इतके थोडे असताना कप्प्याची विश्वासमर्यादा, म्हणजे खरा कप्पा ज्या दोन आकड्यांमध्ये असू शकतो तो पट्टा, खूप रुंद येते, तीही लिहा. लँडिस आणि कोख यांच्या १९७७ च्या ‘बरी, मध्यम, चांगली’ या पायऱ्या मात्र सोडा. त्या आपण मनाने ठरवल्यात हे त्यांनी स्वतःच लिहून ठेवलंय.

त्याहून महत्त्वाचं म्हणजे मतभेदाच्या त्या ८ जणींकडे दोघी मिळून परत जा. आमच्या एका सर्वेक्षणात असंच झालं होतं, आणि घोळ निघाला गालाच्या आतल्या पांढऱ्या रेघेचा. दात मिटल्यावर जिथे टेकतात तिथे ती रेघ पुष्कळांना असते, तो काही आजार नव्हे. आमच्यातली एक तिलाही चट्टा धरत होती. दुसरी गॉजने पुसून बघत होती आणि पुसून जाणारं सोडून देत होती, पहिली पुसतच नव्हती. नियम दोन ओळींत लिहून काढला, ज्यांना चट्टे आहेत आणि ज्यांना नाहीत अशा साधारण निम्म्या-निम्म्या जणींवर सराव केला, मग गावात गेलो. सरावातला कप्पा गावाचा म्हणून मात्र छापायचा नाही.

आणि दोघींचे फॉर्म वेगळे ठेवा. एकदा आमच्याकडे दोघींच्या नोंदी एकाच कागदावर शेजारी शेजारी होत्या. कप्पा झकास आला, कारण दुसरी पहिलीची खूण बघून लिहीत होती.

आता प्रश्नावली. दोन आठवड्यांनी विचारून तेच उत्तर आलं, तर उत्तर स्थिर आहे एवढंच कळलं. ही विश्वसनीयता झाली. जे मोजायचं होतं तेच मोजलं का, म्हणजे वैधता, याबद्दल तो ०.९ काहीच सांगत नाही. तुमचा प्रश्न ‘तुम्ही तंबाखू खाता का?’ असा असेल, तर निपाणी भागातली बाई पहिल्यांदा ‘नाही’ म्हणेल आणि दोन आठवड्यांनीही ‘नाही’च म्हणेल. खोटं बोलत नाही ती. ती मशेरी लावते. तंबाखू भाजून केलेली काळी पूड बोटाने दातांना चोळायची, थोडा वेळ तोंडात ठेवायची आणि थुंकायची. तिच्या लेखी ते दात घासणं आहे. तंबाखू खातो तो नवरा, चुना लावून. मी स्वतः एका बाईकडून ‘नाही’ लिहून घेतलं आणि उठताना तिच्या न्हाणीच्या कोनाड्यात मशेरीची डबी दिसली. ‘हे काय?’ विचारलं तर म्हणाली, ‘अहो बाई, ती मशेरी. तुम्ही तंबाखू विचारलासा न्हवं?’

अशा बायका जितक्या जास्त, तितकी तुमची प्रश्नावली ठामपणे, पुन्हा पुन्हा तेच चुकीचं सांगेल. क्रोनबाखचा अल्फा काढूनही हे उघडं पडणार नाही, कारण तो प्रश्न एकमेकांशी किती जुळतात तेवढंच बघतो. ‘खाता का’, ‘रोज खाता का’, ‘कधी खाल्ली होती का’ हे तिन्ही प्रश्न एकाच ‘नाही’वर छान जुळतील.

वैधता तपासायला बाहेरचा पुरावा लागतो. पहिली पायरी स्वस्त आहे: ‘सकाळी दात कशाने घासता? दिवसातून किती वेळा?’ असं विचारा आणि मशेरी, तपकीर, गुटख्याची पुडी असं सगळं ताटात मांडून दाखवा. जुन्या प्रश्नाला ‘नाही’ म्हणणाऱ्या किती जणी ताटावर बोट ठेवतात ते मोजा. दुसरी पायरी लाळेतलं किंवा लघवीतलं कोटिनीन. निकोटीनपासून शरीरात बनणारा हा पदार्थ गेल्या दोन-चार दिवसांतला वापर दाखवतो. पण तुमच्या भागात इथे एक खोच आहे. तंबाखूच्या वखारीत काम करणाऱ्या किंवा घरी विड्या वळणाऱ्या बाईच्या अंगात निकोटीन कातडीतून आणि धुळीतूनही जातं. तोंडात काही न घालताही तिचं कोटिनीन वाढलेलं सापडू शकतं. त्यामुळे कामाचा प्रश्न फॉर्ममध्ये घाला आणि या बायकांचा हिशेब वेगळा ठेवा.

चिकोडीकडच्या कन्नड घरांसाठी भाषांतर केलं असेल तर तेही एकदा मोठ्याने वाचून घ्या. पुस्तकी कन्नडात तंबाखूला ‘होगेसोप्पु’ म्हणतात, शब्दशः धुराचं पान. तो शब्द ऐकून बाईच्या डोळ्यांपुढे काय येतं, हे चार-पाच जणींना विचारल्याशिवाय फॉर्म छापायला टाकू नका.