कपाशीच्या अळीवरच्या व्हिडिओला टायटल काय द्यावं आणि औषधाचं प्रमाण लिहावं का?

प्रश्न: "माझं शेतीचं छोटं यूट्यूब चॅनल आहे, शिरपूर तालुक्यात. कपाशीच्या अळीवर व्हिडिओ तयार आहे. टायटल, डिस्क्रिप्शन, टॅगमध्ये काय टाकू? खाली लोक औषधाचं प्रमाण विचारतातच, तर तेही लिहून टाकू का?"

भाऊ, मी अमळनेरकडचा. घरची कपाशी आहे आणि गावातल्या दोघातिघांचे व्हिडिओ मीच चढवून देतो. प्रमाणाबद्दल आधी सांगतो: लिहू नका. का, ते माझ्या फजितीवरून कळेल.

माझ्या पहिल्या व्हिडिओचं टायटल होतं "अळीचा १००% बंदोबस्त". डिस्क्रिप्शनमध्ये औषधाचं नाव आणि "पंपाला इतकं" एवढंच. व्हिडिओ कपाशीचा होता, पण टायटलमध्ये कपाशी नव्हती आणि अळी कोणती तेही नव्हतं. हिवाळ्यात यावल तालुक्यातून फोन आला, "भाऊ, तुमचं पाहून वांग्यावर मारलं, उद्या तोडा आहे, चालंल ना?" भरिताची वांगी, तीही ऐन मोसमातली! वांग्यात शेंडा आणि फळ पोखरणारी अळी असते, तिचा बोंडअळीशी संबंध नाही. फवारणीनंतर किती दिवस तोडा करायचा नाही, हा आकडाही पिकानुसार बदलतो. मी त्यांना पुड्यातलं माहितीपत्रक काढून वाचायला लावलं. त्यात वांग्यासाठी दिलेले दिवस अजून भरायचे होते, म्हणून तोडा पुढे ढकलावा लागला. त्या माणसाची चूक नव्हती. मी पीक लिहिलंच नव्हतं.

म्हणून टायटलमध्ये पहिले दोन शब्द पीक आणि कीड यांचेच. नुसतं "बोंडअळी" लिहूनही भागत नाही, कारण कपाशीत बोंडअळ्या तीन: ठिपक्यांची, हिरवी म्हणजे अमेरिकन, आणि गुलाबी. बीटी कपाशी आली ती मुख्यतः अमेरिकन अळीसाठी. गुलाबीने आता बीटीला दाद देणं सोडलंय, आणि आपल्याकडे डोकेदुखी तिचीच आहे. तुमचा व्हिडिओ गुलाबीचा असेल असं धरून मी असं टायटल देईन:

"कपाशीतील गुलाबी बोंडअळी: डोमकळी, कामगंध सापळे आणि फवारणीची वेळ"

यूट्यूब टायटलला १०० अक्षरं देतं, पण काना, मात्रा, वेलांटी हीसुद्धा वेगळी मोजली जातात. त्यामुळे मराठी टायटल दिसतं त्यापेक्षा लांब भरतं. मोबाइलवर शेपूट कापली जाते, म्हणून पीक आणि कीड पुढे हवं, "जबरदस्त उपाय" वगैरे नकोच. थंबनेलवरही "कपाशी" हा शब्द मोठ्या अक्षरात टाका. लिंक व्हॉट्सॲपवर फिरते तेव्हा टायटल आणि थंबनेल हेच आधी नजरेत भरतं, पूर्ण डिस्क्रिप्शन सोबत जात नाही.

डिस्क्रिप्शनच्या सुरुवातीच्या ओळीच आधी दिसतात, बाकीच्यासाठी "आणखी" दाबावं लागतं. त्यात चित्रीकरण कधी आणि कोणत्या अवस्थेतल्या पिकाचं ते लिहा. सर्वात जास्त गोंधळ इथेच होतो. जूनच्या तिसऱ्या आठवड्यात लावलेली कपाशी ऑगस्टअखेर साधारण ७० दिवसांची, पात्या-फुलांवर असते. तो व्हिडिओ कोणी नोव्हेंबरमध्ये बोंडं फुटताना पाहिला तर त्याच्या कामाचा राहत नाही. माझ्या एका व्हिडिओची डिस्क्रिप्शन अशी आहे:

```
पीक: कपाशी (बीटी, जून लागवड, अंदाजे ७० दिवस)
कीड: गुलाबी (शेंदरी) बोंडअळी
चित्रीकरण: ऑगस्टअखेर, अमळनेर, जि. जळगाव
फक्त कपाशीसाठी. फवारणीआधी औषधाच्या डब्यावरचं
लेबल व आतलं माहितीपत्रक वाचा. पीक, कीड, प्रमाण,
पाणी व वेचणीआधीचे दिवस त्यातलेच धरा.
```

त्याखाली व्हिडिओतली ओळख आणि मोजणी लिहितो, कारण शोधणाऱ्याला खरी तीच हवी असते. पाकळ्या एकमेकींना चिकटून गुलाबासारखं मिटलेलं फूल म्हणजे डोमकळी. उलगडून पाहा, आत अळी सापडते. कामगंध सापळे हेक्टरी ५, म्हणजे एकरी २. सलग ३ रात्री एका सापळ्यात रोज ८ किंवा जास्त पतंग आले, किंवा २० हिरवी बोंडं फोडून २ मध्ये जिवंत अळी निघाली, तर फवारणीचा विचार करायचा. हे आकडे बिनधास्त लिहा. ते किडीचे आहेत, कुठल्या डब्याचे नाहीत, आणि त्यांनी विनाकारण फवारणी टळते.

आता "पंपाला किती" याकडे येतो. लेबलवर मात्रा हेक्टरी असते आणि सोबत पाणी किती तेही असतं. आपल्याकडे पंप १५ लिटरचा, १६ चा, २० चा, शिवाय कुणाकडे पॉवर स्प्रेअर. पंपाची एकच मात्रा सांगितली की कुणाकडे कमी पडते, कुणाकडे जास्त होते. दुसरी अडचण तीव्रतेची. इमामेक्टिन बेंझोएट ५ एसजी भुकटीसारखं मिळतं, आणि तेच १.९ ईसी द्रवातही मिळतं. नाव तेच, मात्रा निराळी. तिसरी अडचण अशी की परवानगी बदलते. २०२३ मध्ये मोनोक्रोटोफॉस ३६ एसएल बंद करण्याचा आदेश निघाला, तरी जुन्या व्हिडिओंच्या खाली ते आजही शिफारशीसारखं दिसतं.

औषध सांगायचंच असेल तर ब्रँड नको. घटकाचं नाव आणि तीव्रता सांगा, आणि लेबलवर कपाशीची गुलाबी बोंडअळी आहे का ते आधी पाहा, त्याला आपल्याकडे "लेबल क्लेम" म्हणतात. डब्यावरचा त्रिकोणही दाखवा: लाल अति विषारी, मग पिवळा, निळा, हिरवा. त्यावरून हातमोजे, मास्क आणि वाऱ्याच्या दिशेची गोष्ट सहज निघते. २०१७ मध्ये यवतमाळला कपाशी फवारताना विषबाधा होऊन शेतकरी-मजूर दगावले, ते लोकांच्या लक्षात आहे. भाषण लागत नाही, डबा हातात धरून त्रिकोण दाखवला तरी पुरतो.

ही सूचना फक्त डिस्क्रिप्शनमध्ये ठेवू नका. डबा दिसतो त्याच क्षणी आवाजात बोला, "मात्रा डब्यावरची वाचा", आणि पडद्यावर पट्टी ठेवा. क्लिप कापून स्टेटसला गेली तरी बोललेलं राहतं.

टॅगवर जास्त वेळ घालवू नका, यूट्यूब त्यांना फारसं महत्त्व देत नाही. मात्र लोक शब्द कसेही टाइप करतात, तेवढ्यापुरते ते कामाचे: गुलाबी बोंडअळी, गुलाबी बोंड अळी, शेंदरी बोंडअळी, कपाशी, कापूस, pink bollworm, gulabi bond ali. मका, केळी, मिरची टॅगमध्ये घुसवू नका. व्ह्यूज येतील, पण मिरचीवाला कपाशीचं औषध घेऊन निघेल. व्हिडिओची भाषा मराठी निवडायची राहू देऊ नका.

एक आधीच ठरवून ठेवा: खाली कुणी "१५ लिटरला किती?" विचारलं तर उत्तर काय. मी एकच ओळ पिन करून ठेवली आहे: "डब्यावर कपाशीसमोर हेक्टरी किती औषध आणि किती पाणी लिहिलंय ते पाहून तुमच्या पंपाचा हिशोब करा, अडलं तर लेबलचा फोटो घेऊन सहायक कृषी अधिकाऱ्याकडे जा." डिस्क्रिप्शन नंतर बदलता येते, पण व्हिडिओत एकदा तोंडून गेलेली मात्रा बदलता येत नाही. तुमच्या व्हिडिओत ती बोलून झाली असेल तर चढवण्याआधी तेवढा तुकडा कापा.