मिथेन, प्रोपेन जमतं, ब्युटेनला गाडी अडते: समीकरण नुसतं बघून कसं संतुलित करायचं?

प्रश्न: मुलगी दहावीत आहे, सेमी इंग्लिश. मिथेन आणि प्रोपेनच्या ज्वलनाचं समीकरण ती झटक्यात संतुलित करते. ब्युटेन किंवा इथेन आलं की खाडाखोड सुरू होते, ऑक्सिजन काही केल्या जुळत नाही. कधी चुकून बरोबर येतं, पण का आलं ते तिलाच सांगता येत नाही. मी कॉमर्सची, मला यातलं फार कळत नाही. नेमकं कुठं अडतंय? (कोल्हापूर)

उत्तर:

ताई, तुम्ही दिलेल्या चार नावांतच उत्तर आहे. मिथेन CH₄, प्रोपेन C₃H₈. दोन्हींत हायड्रोजनच्या संख्येला 4 ने भाग जातो. इथेन C₂H₆ आणि ब्युटेन C₄H₁₀ यांत जात नाही. मुलीची पद्धत बहुधा बरोबरच असणार. ऑक्सिजनचा आकडा अर्धा येतो, तिथं ती घाबरून मागं फिरते आणि आधीचे बरोबर आकडे खोडते. राजारामपुरीत मी बरीच वर्षं दहावी-बारावीच्या शिकवण्या घेतोय, हे दरवर्षी दिसतं.

आधी क्रम. हायड्रोकार्बन पूर्ण जळला की कार्बन डायऑक्साइड आणि पाणी तयार होतं. कार्बन उजवीकडं फक्त CO₂ मध्ये असतो आणि हायड्रोजन फक्त पाण्यात, म्हणून या दोघांचे आकडे एका नजरेत ठरतात. ऑक्सिजन उजवीकडं दोन्हींत विखुरलेला असतो, पण डावीकडं तो O₂ म्हणून एकटा उभा असतो. त्याच्यापुढचा आकडा कितीही बदला, कार्बन-हायड्रोजनला धक्का लागत नाही. म्हणून ऑक्सिजन शेवटी. ज्या मुलांना 'पहिल्यांदा कार्बन, मग हायड्रोजन, मग ऑक्सिजन' एवढंच पाठ असतं, त्यांना हे कारण सांगितलं की नवं समीकरण आलं तरी क्रम स्वतःच ठरवता येतो. जो अणू सर्वांत कमी ठिकाणी आहे तो आधी, जो एकटा मूलद्रव्य म्हणून उभा आहे तो शेवटी.

आता ब्युटेन.

C₄H₁₀ + O₂ → CO₂ + H₂O

डावीकडं कार्बन 4, म्हणून उजवीकडं 4CO₂. हायड्रोजन 10, पाण्याच्या एका रेणूत 2, म्हणून 5H₂O. आता उजवी बाजू पक्की झाली, तिला पुन्हा हात लावायचा नाही. उजवीकडचा ऑक्सिजन मोजा: CO₂ मधले 8 आणि पाण्यातले 5, एकूण 13. डावीकडं ऑक्सिजन दोन-दोनच्या जोडीनं येतो, म्हणून साडेसहा रेणू लागतील:

C₄H₁₀ + 13/2 O₂ → 4CO₂ + 5H₂O

तुमची मुलगी बहुतेक इथंच थांबत असेल, कारण वहीत अपूर्णांक आला की काहीतरी चुकलं असं पोरांना वाटतं. चुकलेलं काही नाही. अणूंची संख्या दोन्हीकडं तंतोतंत जुळलेली आहे. अर्धा रेणू प्रत्यक्षात नसतो आणि दहावीला लहानांत लहान पूर्ण संख्या मागतात, म्हणून फक्त सगळ्याला 2 ने गुणायचं:

2C₄H₁₀ + 13O₂ → 8CO₂ + 10H₂O

पडताळा: कार्बन 8-8, हायड्रोजन 20-20, ऑक्सिजन 26 आणि 16 + 10 = 26. पुढं अकरावी-बारावीत एक मोल इंधन जळताना किती उष्णता निघते हे विचारतात, तेव्हा तोच 13/2 मुद्दाम तसाच ठेवतात. त्यामुळं तिला अपूर्णांकाची भीती आत्ताच घालवलेली बरी. पेन्सिलनं 13/2 लिहायचं, मग सगळ्याला दोननं गुणायचं, ही सवय लावा.

या शेवटच्या पायरीवर दोन चुका होतात, दोन्ही ओळखायला सोप्या आहेत. पहिली म्हणजे 13/2 चं 13 करताना बाकीचे आकडे तसेच राहतात. वहीत C₄H₁₀ + 13O₂ → 4CO₂ + 5H₂O असं दिसलं तर तेच झालंय. डावीकडं ऑक्सिजन 26, उजवीकडं 13, बरोबर दुप्पट. एकाच मूलद्रव्याचा आकडा एका बाजूला नेमका दुप्पट दिसला की गुणाकार अर्धवट राहिला असं समजायचं.

दुसरी चूक जास्त वाईट. ऑक्सिजन जुळेना की पोरं सूत्राच्या आतला खालचा छोटा आकडाच बदलतात. 13 ऑक्सिजन हवेत ना, मग डावीकडं O₁₃ लिहून मोकळे! किंवा पाण्यात एक ऑक्सिजन वाढवून H₂O₂ करतात. अणू मोजले तर जुळतातसुद्धा, म्हणून मूल हट्ट धरतं की माझं बरोबर आहे. पण H₂O₂ म्हणजे हायड्रोजन पेरॉक्साइड, मेडिकलमध्ये जखम धुवायला मिळतं ते. गॅस पेटवल्यावर ते तयार होत नाही. खालचा आकडा तो पदार्थ कोणता हे सांगतो, पुढचा आकडा त्याचे किती रेणू हे सांगतो. आपल्याला फक्त पुढचा बदलायची मुभा आहे. उपाय साधा आहे: पहिली, असंतुलित ओळ पेनानं लिहायची आणि सहगुणक पेन्सिलनं. मग पेनाच्या अक्षराला हात लावायचाच नाही.

हे आकडे नुसते कागदावरचे नाहीत हे तिला पटवायचं असेल, तर स्वयंपाकघरातल्या सिलिंडरचा हिशोब करायला लावा. घरगुती सिलिंडरमध्ये 14.2 किलो गॅस असतो. तो प्रोपेन आणि ब्युटेनचं मिश्रण असतो, पण हिशोबापुरता सगळा ब्युटेन धरू. ब्युटेनचं रेणुवस्तुमान 58, पाण्याचं 18; तेवढे ग्रॅम म्हणजे त्या पदार्थाचा एक मोल. समीकरण सांगतं की 58 ग्रॅम ब्युटेनमागं पाण्याचे 5 मोल, म्हणजे 90 ग्रॅम पाणी तयार होतं. मग 14.2 किलोमागं सुमारे 22 किलो पाणी! टाकीत 14 किलो आणि बाहेर 22 किलो पाणी, शिवाय सुमारे 43 किलो कार्बन डायऑक्साइड. पोरं इथं हमखास म्हणतात, सर, गणित चुकलं. चुकलेलं नाही, उरलेलं वजन हवेतल्या ऑक्सिजनचं आहे, जवळजवळ 51 किलो. 14.2 + 50.9 आणि 22 + 43.1, बेरीज दोन्हीकडं 65.1. समीकरण संतुलित नसतं तर ही बेरीज जुळली नसती.

आता '4 ने भाग' का, ते. पाण्याच्या एका रेणूला 2 हायड्रोजन लागतात आणि ऑक्सिजनचा 1 अणू, म्हणजे O₂ चा अर्धा रेणू. मग हायड्रोजनपायी लागणारे O₂ चे रेणू म्हणजे हायड्रोजनची संख्या भागिले 4. कार्बनमागं O₂ चा एक पूर्ण रेणू लागतो, तिकडून अपूर्णांक येतच नाही. म्हणून C₄H₁₀ साठी 4 + 10/4 = 6½. पाव किंवा पाऊण कधी येत नाही, नेहमी पूर्ण किंवा अर्धाच. कारण हायड्रोकार्बनमध्ये हायड्रोजनची संख्या सम असते. कार्बनची संयुजा 4, म्हणजे तो चार बंध करतो; कार्बन-कार्बन प्रत्येक बंधात दोन्हीकडची एक-एक संयुजा खर्ची पडते, म्हणून हायड्रोजनसाठी उरतात त्या सम संख्येतच. वहीत C₃H₇ किंवा C₄H₉ दिसलं तर समीकरण सोडवत बसू नका, सूत्र उतरवतानाच चुकलंय. सरावाला ॲसिटिलीन द्या, C₂H₂. उद्यमनगरात गॅस वेल्डिंगला वापरतात तोच वायू. हायड्रोजन 2, म्हणजे अडीच येणार हे तिनं आधीच सांगायला हवं. उत्तर 2, 5, 4, 2.

इंधनातच ऑक्सिजन असेल तेव्हा मात्र वरचं सूत्र आंधळेपणानं वापरायचं नाही. आपल्या जिल्ह्यात साखर कारखान्यांमुळं इथेनॉलचं नाव पोरांना माहीत असतंच, तेच घेऊ: C₂H₅OH. कार्बन 2, म्हणून 2CO₂. हायड्रोजन 5 आणि OH मधला 1, मिळून 6, म्हणून 3H₂O. तो शेवटचा H विसरला तर पाणी अडीच येतं आणि पुढचं सगळं घसरतं. उजवीकडं ऑक्सिजन 4 + 3 = 7. इथं घाईत 7/2 लिहिलं जातं. पण 7 पैकी 1 इथेनॉलनं स्वतःच आणलाय. बाहेरून 6 हवेत, म्हणजे 3O₂:

C₂H₅OH + 3O₂ → 2CO₂ + 3H₂O

दुप्पट करायची गरजच पडली नाही.

शेवटी एक गोष्ट, कारण हुशार पोरं हे विचारतातच. वर सगळीकडं आपण पूर्ण ज्वलन धरलंय. हवा कमी पडली की ज्योत पिवळी होते, भांड्याची बुडं काळी होतात आणि कार्बन मोनॉक्साइडही तयार होतो. मग उजवीकडं CO आणि CO₂ दोन्ही लिहून संतुलित करायला घेतलं तर काय होतं बघा:

C₄H₁₀ + 5O₂ → 3CO + CO₂ + 5H₂O

C₄H₁₀ + 6O₂ → CO + 3CO₂ + 5H₂O

दोन्ही मोजून बघा, दोन्ही बरोबर आहेत. आणि एक दुसऱ्याची पटही नाही. अशी कितीही लिहिता येतात. अणू मोजून एवढंच कळतं की कोणतं प्रमाण अशक्य आहे. शक्य असलेल्यांपैकी प्रत्यक्षात कोणतं घडलं, ते हवा किती मिळाली यावर ठरतं आणि ते मोजावंच लागतं. पेट्रोल गाडीच्या पीयूसीला धुरातला CO टक्क्यांत मोजतात, तो कागदावर काढत नाहीत, तो यामुळंच. तेव्हा सराव करताना एखाद्या गाईडमध्ये CO आणि CO₂ दोन्ही उजवीकडं असलेलं गणित आलं आणि दोघांचं प्रमाण दिलेलं नसेल, तर तिचं उत्तर मागच्या पानाशी जुळलं नाही म्हणून खोडू देऊ नका. अणू जुळत असतील तर तिचंही उत्तर तितकंच बरोबर आहे.