लिव्हरमधली गाठ: सुई आधी की पूर्ण स्कॅन आधी?

प्रश्न: आईच्या सोनोग्राफीत लिव्हरमध्ये ४ सेमीची गाठ दिसली. सीटीच्या रिपोर्टमध्ये ‘हेमँजिओमा? मेटास्टेसिस?’ असं लिहिलंय. लगेच बायोप्सी करावी का?

लगेच नको. आधी सीटी किती फेजचा झालाय, म्हणजे शिरेतून डाय दिल्यावर किती वेगवेगळ्या वेळी फोटो घेतलेत, ते बघा.

मी सीटी तंत्रज्ञ आहे आणि आमच्या वहिनींचं अगदी असंच झालं होतं. पित्ताशयातल्या खड्यांसाठी सोनोग्राफी केली, तर उजव्या लोबमध्ये गाठ निघाली. मग सीटी झाला तो एकाच फेजचा, डाय दिल्यावर साधारण ७० सेकंदांनी. त्या एका क्षणी गाठ मधे काळपट आणि कडेला थोडी उजळ दिसली, म्हणून रिपोर्टमध्ये मेटास्टेसिसची, म्हणजे दुसरीकडून पसरलेल्या कॅन्सरची शंका आली. दादा हटून बसला, ‘सुई टाका, सोक्षमोक्ष लावा.’ मी म्हटलं, आधी ट्रिपल फेज करा. त्यावर ‘परत पैसे कशाला घालवायचे’ हे त्याचं पालुपद.

अहो, हेमँजिओमा म्हणजे रक्ताने भरलेल्या पोकळ्यांची साधी गाठ, कॅन्सर नव्हे. त्यात रक्त संथ फिरतं, म्हणून डाय कडेकडून आत भरत जातो. हे भरत जाणं एका फोटोत कसं दिसणार? वहिनींच्या दुसऱ्या स्कॅनमध्ये ३५ सेकंदांना कडेला तुटक ठिपके होते, महाधमनीइतकेच उजळ. ७० सेकंदांना ते मोठे होऊन आत सरकले. ५ मिनिटांनी मधला जरासा भाग सोडला तर गाठ भरली होती, आणि तेव्हाही आजूबाजूच्या रक्तवाहिन्यांइतकीच उजळ होती. मेटास्टेसिसला बहुधा सलग कडं दिसतं, ते असं भरत जात नाही. एमआरआयच्या टी-टू चित्रातही हेमँजिओमा दिव्यासारखा लख्ख दिसतो.

एफएनएच ही लिव्हरमधली दुसरी साधी गाठ, तिचं वेगळं. ती सुरुवातीलाच सगळी एकदम उजळते, नंतर लिव्हरमध्ये मिसळून जाते, आणि मधला व्रण असलाच तर तो उशिरा उजळतो.

काळजीचं चित्र कोणतं, तर आधी उजळून नंतर लिव्हरपेक्षा काळी पडणारी गाठ. सिरॉसिस किंवा जुना हेपॅटायटिस बी असलेल्या माणसात असं दिसलं की लिव्हर कॅन्सरच समोर येतो. पूर्वी दुसरा कॅन्सर झाला असेल किंवा गाठ भराभर वाढत असेल, तरी मी इथे दिलेल्या दिलाशावर थांबू नका, सरळ लिव्हरच्या डॉक्टरांकडे जा. आणि हो, १ सेमीच्या आसपासचा हेमँजिओमा कधी कधी एकदम भरतो, तेव्हा एमआरआय लागतो.

दादा आजही म्हणतो की बायोप्सीने लवकर कळलं असतं. पण ती रक्ताने भरलेली गाठ होती. तिला सुई लावली की रक्तस्राव होऊ शकतो, आणि गाठ लिव्हरच्या पृष्ठभागाला असेल तर जास्तच. स्कॅनमध्ये जे स्पष्ट दिसतं त्यासाठी तो धोका मी माझ्या घरच्या माणसाला घेऊ देणार नाही. चित्र पूर्ण फेज घेऊनही जुळत नसेल, तर मात्र बायोप्सीला माझी हरकत नाही.