मोरेटोरियम लागल्यावर सप्लायरने काय करायचं?

प्रश्न: रबाळे एमआयडीसीत आमचं कोरुगेटेड खोक्यांचं युनिट आहे. महापेची एक कंपनी दिवाळखोरीसाठी एनसीएलटी या कंपनी न्यायाधिकरणात गेली, आमचे २२ लाख अडकलेत. बेलापूर कोर्टात चेक बाउन्सची केस चालू आहे. आता कंपनीचा कारभार पाहणारे आरपी, म्हणजे रिझोल्यूशन प्रोफेशनल, म्हणतात माल चालू ठेवा. द्यावा का? जुने पैसे मिळतात का?

उत्तर:

आधी एक तारीख शोधा. एनसीएलटीने अर्ज दाखल करून घेतल्याचा आदेश ज्या दिवशी दिला, तो दिवस. तुमच्या खात्यावर तिथेच रेघ मारा. त्या दिवसापर्यंतच्या मालाचे पैसे म्हणजे जुना दावा. त्यानंतर आरपींनी मागवून घेतलेल्या मालाचे पैसे हा प्रक्रियेचा खर्च, आणि तो बँकेच्याही आधी फेडला जातो.

म्हणून माल द्यायला हरकत नाही, पण आरपींच्या सहीची नवी पीओ घ्या, बिलं वेगळी काढा आणि शक्यतो आगाऊ पैसे मागा. हक्क पहिला असला तरी कंपनीच्या खात्यात रोकड नसेल तर थांबावं लागतंच. नव्या मालाचे पैसे जुन्या थकबाकीत वळते करून घेऊ नका, नंतर हिशेब निस्तरता येत नाही. आरपींनी तुमचा पुरवठा कंपनी चालू ठेवण्यासाठी अत्यावश्यक ठरवला असेल, तर जुनी थकबाकी पुढे करून तो बंद करता येत नाही. नवी बिलं थकली तर मात्र येतो.

मोरेटोरियम म्हणजे कंपनीवरच्या वसुलीला कुलूप. कोर्टातले दावे, हुकूमनाम्याची अंमलबजावणी, बँकेचा तारण जप्त करण्याचा अधिकार, सगळं थांबतं. चेक बाउन्सची केस कंपनीपुरती थांबेल, पण चेकवर सही करणाऱ्या संचालकांविरुद्ध ती पुढे चालते. सर्वोच्च न्यायालयाने २०२१ साली पी. मोहनराज प्रकरणात हे स्पष्ट केलं आहे. तेव्हा वकिलांना केस मागे घ्यायला सांगू नका. कुणा संचालकाची वैयक्तिक हमी लिहून घेतली असेल, तर या मोरेटोरियमचं कवच त्यालाही मिळत नाही.

तुमच्या धंद्यात हमखास होणारी एक गोष्ट: तुमच्या मालकीचं स्ट्रॅपिंग मशीन त्यांच्या पॅकिंग विभागात पडलेलं असतं. ते टेम्पो पाठवून उचलून आणू नका. ताबा कंपनीचा असेपर्यंत मालकालाही ते परस्पर नेता येत नाही. पण ते कंपनीची मालमत्ताही नाही. खरेदीचं बिल, सिरियल नंबर आणि मशीन दिल्याचं चलन जोडून आरपींना लगेच लेखी कळवा, म्हणजे ते यादीत चुकून घुसणार नाही.

आता जुने २२ लाख. फॉर्म बी भरून दावा करा. जाहीर सूचना वर्तमानपत्रात आणि ibbi.gov.in वर असते, ईमेल पत्ता आणि शेवटची तारीख त्यातच मिळते. बिलं, पोचेची सही असलेली चलनं, खातेउतारा आणि बँक स्टेटमेंट जोडा. दावे बहुतेक वेळा अडतात ते पोच नसल्यामुळे किंवा तुमचं लेजर त्यांच्या लेजरशी जुळत नसल्यामुळे. उद्यम नोंदणी असेल तर आदेशाच्या तारखेपर्यंतचं कायदेशीर व्याजही धरा.

मिळणार किती, हे रांगेवर ठरतं. समजा लिक्विडेशन झालं, म्हणजे कंपनी मोडीत काढली, आणि सगळं विकून २३ कोटी आले. प्रक्रियेचा खर्च २ कोटी आधी जातो. उरलेल्या २१ कोटींवर दोघांचा सारखा हक्क असतो: आपलं तारण स्वतः न विकता या सामायिक विक्रीत सोडून दिलेली बँक, समजा ४० कोटी, आणि कामगारांची आधीच्या २४ महिन्यांची देणी, समजा २ कोटी. मागणी ४२ कोटींची, म्हणजे रुपयाला ५० पैसे. बँकेला २० कोटी, कामगारांना १ कोटी, तिजोरी रिकामी. (पीएफ, ग्रॅच्युइटीचे निधी या वाटपात धरतच नाहीत.)

पुढे इतर कर्मचाऱ्यांचा १२ महिन्यांचा पगार १ कोटी, विनातारण कर्जं ६ कोटी, सरकारी देणी ३ कोटी असं धरा. त्यांच्या मागे तुम्ही. म्हणजे विक्रीतून ५४ कोटींच्या वर आले तरच तुमच्या सप्लायरच्या रांगेत पहिला रुपया पडतो. तुमच्याही मागे शेअरहोल्डर आहेत, एवढाच काय तो दिलासा.

कुणी कंपनी विकत घेणारा रिझोल्यूशन प्लान, म्हणजे कंपनी चालू ठेवून देणी मिटवायची योजना, घेऊन आला, तर सप्लायरना द्यायची किमान रक्कम ठरवताना हीच रांग पाहिली जाते, म्हणून ती पुष्कळदा शून्य निघते. त्याहून जास्त देणं खरेदीदाराच्या आणि बँकांच्या मर्जीवर. त्यात तुम्हाला मत नाही. तरीही दावा टाकाच, कारण प्लान मंजूर झाला की त्यात नसलेली जुनी देणी कायमची संपतात. मग कंपनी नव्या मालकाच्या हाती जोरात चालली, तरी त्या २२ लाखांची नोटीससुद्धा पाठवता येत नाही.