मुलाच्या चित्रामागचा कागद काढताना सशाचा पांढरा रंग कसा वाचवायचा?

प्रश्न: मुलीने कागदावर काढलेल्या चित्राचा मोबाइलवर फोटो घेतला आहे. काळ्या स्केचपेनच्या रेघेत पांढरा ससा आणि वर खडूने रंगवलेला फिकट पिवळा सूर्य. शाळेच्या प्रोजेक्टचं पोस्टर निळ्या पार्श्वभूमीचं आहे. जिम्पमध्ये Color to Alpha वापरलं तर कागद जातो, पण ससाही निळा होतो आणि सूर्य शेवाळी दिसतो. काय करू?

उत्तर: ते फिल्टर त्याचं काम बरोबरच करतंय. कागद कुठला आणि ससा कुठला हे त्याला कळत नाही, ते फक्त पांढरेपणा मोजतं आणि जितका पांढरेपणा तितकी पारदर्शकता देतं. तुमच्या सूर्याचा रंग साधारण 255, 240, 150 असेल, तर फिल्टरच्या हिशेबाने तो जेमतेम 41 टक्के अपारदर्शक उरतो. बाकी 59 टक्क्यांतून पोस्टरचा निळा रंग वर येतो आणि पिवळ्याचं शेवाळी होतं. म्हणून फिल्टर सगळ्या चित्रावर चालवायचंच नाही, फक्त रेघेबाहेरच्या कागदावर चालवायचं.

त्याआधी फोटो पुन्हा घ्या. तुमच्या फोटोत कागदाची एक बाजू करडी दिसत असणार, आणि जिथे सावली तिथे कागद पूर्ण निघत नाही, धुरकट डाग राहतो. खिडकीच्या उजेडात, फ्लॅश बंद ठेवून, मोबाइल कागदाला समांतर धरून चित्राचा फोटो घ्या. मग कॅमेरा न हलवता चित्राच्या जागी तसाच एक कोरा कागद ठेवून दुसरा फोटो घ्या. या कोऱ्या फोटोत फक्त उजेड आणि सावली नोंदली जाते. जिम्पमध्ये चित्र उघडून कोरा फोटो `File > Open as Layers` ने त्याच्यावर आणा, `Gaussian Blur` ने 40-50 पिक्सेल धूसर करा (कागदाचा पोत जायला हवा) आणि त्या लेयरचा मोड `Divide` करा. सावली जवळपास नाहीशी होते. मग `Layer > Merge Down`. कागद अजून किंचित मळकट असेल तर `Colors > Levels` मधला उजवीकडचा त्रिकोण थोडा आत घ्या, पण सूर्य फिका पडायला लागला की थांबा. काही जण चित्राचीच धूसर प्रत वापरून हे करतात. नुसत्या रेघांना ते चालतं, पण मोठा रंगवलेला भाग त्यात उडून जातो.

आता `Fuzzy Select` (U) घेऊन बाहेरच्या कागदावर क्लिक करा. `Threshold` 15 च्या आसपास ठेवून सुरुवात करा. सिलेक्शन सशाच्या आत शिरलं, तर रेघेत कुठेतरी फट आहे. मुलांच्या चित्रात ती असतेच, बहुधा कानाच्या टोकाशी. मूळ चित्राला हात न लावता वर एक नवा पारदर्शक लेयर घ्या, त्यावर ब्रशने फट बुजवा, टूलच्या पर्यायांत `Sample merged` वर खूण करा आणि पुन्हा क्लिक करा. काम झालं की तो लेयर लपवा आणि चित्राच्या लेयरवर परत या. नाहीतर फिल्टर भलत्याच लेयरवर चालेल. सूर्याला रेघ नसल्यामुळे सिलेक्शन त्यात शिरू शकतं. तिथे `Free Select` (F) ने सूर्याभोवती हाताने वळसा घालून तेवढा भाग सिलेक्शनमधून वजा करा. कडेला सुतभर पांढरं राहिलं तरी बिघडत नाही, खडूची कड तशीही खडबडीतच असते.

यानंतरची पायरी बहुतेक जण गाळतात. `Select > Grow` ने सिलेक्शन 3-4 पिक्सेल वाढवा, म्हणजे ते काळ्या रेघेच्या अंगावर थोडं चढेल. त्यानंतरच `Colors > Color to Alpha`, रंग पांढरा. रेघेच्या काठावर काळा आणि पांढरा मिसळलेले करडे पिक्सेल असतात. फिल्टर त्यांतला पांढरा काढून काळा ठेवतं, त्यामुळे पोस्टरवर रेघेभोवती पांढरी झालर दिसत नाही. नुसतं `Delete` दाबलं तर हीच झालर उरते. मात्र ही वाढ रेघेच्या जाडीपेक्षा कमी हवी. रेघ 12 पिक्सेल जाड असेल तर 4 चालेल. रेघ 3 पिक्सेलची असेल तर सिलेक्शन ती ओलांडून सशाच्या पोटात जाईल, तेव्हा वाढ 1 वरच ठेवा.

तपासायला खाली एक भडक गुलाबी लेयर टाकून बघा. राहिलेले डाग आणि सशाला पडलेली भोकं त्यावर लगेच दिसतात, पांढऱ्यावर काहीच कळत नाही. मग गुलाबी लेयर काढून `Export As` ने पीएनजी करा. जेपीजीत पारदर्शकता टिकत नाही. पोस्टरवर चित्र 15 सेंमी रुंद हवं असेल, तर चांगल्या छपाईसाठी सुमारे 1770 पिक्सेल रुंदी पुरते.

हे सगळं पोस्टर संगणकावर जुळवून अख्खं छापणार असाल तर. ससा वेगळा छापून निळ्या कार्डावर टाचणीने लावायचा असेल, तर पारदर्शकतेचा काही उपयोग नाही, कारण प्रिंटरला कागद पारदर्शक करता येत नाही. तेव्हा सावली काढण्यापर्यंतच करा, छापा आणि रेघेबाहेर दोन-तीन मिलिमीटर पांढरी कड ठेवून कात्रीने कापा.