रजा नाकारली, आता वर कसं लिहायचं

प्रिय,

विभागप्रमुखांना लिहायच्या मेलचा तू काल रात्री पाठवलेला मसुदा वाचला. तो अजून पाठवू नकोस. आईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन ठरलंय आणि ९ ते १३ मार्चची रजा तुझ्या सरांनी पोर्टलवर नामंजूर केली, म्हणजे राग येणारच. पण तुझी तिसरी ओळ बघ: "सरांना माझ्या घरच्या अडचणीशी काही देणंघेणं नाही." हे वाचल्यावर विभागप्रमुख रजेचा विचार करत बसणार नाहीत, सर कसे आहेत याचा करतील. आणि सरांना ते तुझ्यापेक्षा जास्त वर्षं ओळखतात.

वागळे इस्टेटमधल्या पहिल्या नोकरीत मी हेच केलं होतं. साहेबांना न सांगता पत्र थेट मालकांच्या हातात दिलं. मालकांनी ते तसंच साहेबांकडे पाठवून दिलं. रजा तर गेलीच, पुढचं वर्षभर साहेब माझ्याशी कामापुरतंच बोलायचे.

म्हणून आधी पुन्हा सरांकडेच जा. पोर्टलवर "मार्चमध्ये शक्य नाही" एवढंच लिहिलंय, ते कारण झालं नाही. शांतपणे विचार, "सर, या पाच दिवसांत माझ्यावाचून नेमकं काय अडेल?" तू बिलिंगमध्ये आहेस, त्यामुळे माझा अंदाज असा की अडचण ११ तारखेची आहे. फेब्रुवारीचं जीएसटीआर-१ त्या दिवसापर्यंत भरायचं असतं आणि तुझी रजा नेमकी त्यावर येते. तसं असेल तर उपाय तुझ्या हातात आहे. फेब्रुवारीच्या बिलांचा ताळा शनिवारी ७ तारखेपर्यंत पुरा करायचा, टीममधल्या एकाला फाइल समजावून द्यायची आणि ११ला सकाळी तासभर फोनवर राहायचं. बऱ्याचदा एवढं सांगितल्यावरच रजा मिळते, वर जावंच लागत नाही.

तरीही नाही म्हणाले, तर तिथेच सांग, "मग मी विभागप्रमुखांना विचारतो, तुम्हाला सीसीमध्ये ठेवतो." हे तोंडावर सांगायला जड जातं, मला माहीत आहे. पण सरांना मेल बघूनच पहिल्यांदा कळलं, तर त्यांना ती तक्रार वाटेल. आधी सांगितलंस तर ती विचारणा राहते. सीसीमध्ये फक्त सर. एचआरला आत्ताच ओढू नकोस.

मेल इंग्रजीत जाणार असला तरी आधी मराठीत मांडून बघ, म्हणजे जादा शब्द लगेच दिसतात. मी असा लिहिला असता:

"९ ते १३ मार्च अशी पाच दिवसांची अर्जित रजा मी २० फेब्रुवारीला मागितली होती. आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन ९ तारखेला कल्याणला आहे आणि घरी सोबत करणारं दुसरं कोणी नाही. जीएसटीआर-१ च्या कामामुळे २४ फेब्रुवारीला रजा नामंजूर झाली. ते काम अडू नये म्हणून फेब्रुवारीचा ताळा ७ तारखेपर्यंत पूर्ण करून सहकाऱ्याकडे देईन आणि ११ला सकाळी १० ते ११ फोनवर उपलब्ध राहीन. याबाबत सरांशी माझं बोलणं झालं आहे. कृपया फेरविचार व्हावा. हॉस्पिटलला २ मार्चपर्यंत कळवायचं असल्याने त्याआधी निर्णय कळला तर मदत होईल."

यात जीएसटीआर-१चं कारण मी अंदाजाने धरलंय, सर प्रत्यक्ष जे सांगतील ते त्यांच्याच बाजूने, जसंच्या तसं लिही. ते वाचून सरांनाही "हे खरं आहे" असं म्हणता आलं पाहिजे. "गेल्या महिन्यात अमक्याला दिली" हे वाक्य गाळलंय, कारण मग चर्चा त्या अमक्याच्या रजेवर जाते. आईंचे रिपोर्टही जोडू नकोस. मागितले तर दाखव.

कायद्याचा उल्लेख या मेलमध्ये नको, पण तुला माहीत असू दे. आपल्या राज्याच्या २०१७च्या दुकाने व आस्थापना कायद्यानुसार अर्जित रजा ४५ दिवसांपर्यंत साठते. पंधरा दिवस आधी अर्ज करूनही मालकाने ती नाकारली, तर ४५ दिवसांच्या वरच्या रजेचे पैसे मागता येतात. तुझा अर्ज सतरा दिवस आधीचा आहे, म्हणून पोर्टलवरच्या त्या तारखेचा स्क्रीनशॉट काढून ठेव. मात्र याचा अर्थ हव्या त्याच तारखांना रजा मिळालीच पाहिजे असा नाही. त्यामुळे उत्तर नकाराचं आलं तरी न सांगता घरी राहू नकोस. ती विनापरवानगी गैरहजेरी धरतील आणि तुझी बाजू तिथेच लंगडी पडेल. त्याऐवजी ९ आणि १० असे दोनच दिवस आणि बाकीचे तीन घरून काम, असं विचारून बघ.

मेल गुरुवारी सकाळी पाठव. शुक्रवारी दुपारपर्यंत उत्तर नाही आलं, तर नवा मेल न लिहिता विभागप्रमुखांच्या केबिनमध्ये डोकावून एवढंच विचार, "सर, माझा कालचा मेल पाहायला वेळ मिळाला का?"

सरांशी बोलणं झालं की आधी मला फोन कर.