पहिलाच किल्ला? राजगड करा, पण छोटा

मुलं दिवाळीचा किल्ला पहिल्यांदाच करतायत ना, मग तीन-चार फूट जागा पुरे. राजगड निवडा. मधे उंच बालेकिल्ला आणि तीन बाजूंना पद्मावती, सुवेळा, संजीवनी या माच्या. आकार मुलांना चटकन कळतो.

नवखे लोक हमखास नुसत्या मातीचा ढीग रचतात. आमचा पहिला किल्ला तसाच होता. माती वाळताना आक्रसली, बोट जाईल एवढ्या भेगा पडल्या आणि सकाळी सुवेळा माची अंगणात पसरलेली! म्हणून असं करा:

१. आधी विटा-दगडांचा सांगाडा. बालेकिल्ल्याला चार-पाच विटांची उंची द्या. वीट हलली तर आत्ताच बसवा, नंतर जमत नाही.

२. जुनं गोणपाट पातळ चिखलात बुडवून त्यावर पांघरा. त्याच्या सुरकुत्यांतूनच कडे-कपारी होतात, मुद्दाम कोरायला जाऊ नका.

३. वर चाळलेल्या मातीचा बोटभर थर. चिखल हाताला चिकटावा, पण ओघळू नये.

तटबंदी आणि बुरूज थर जरा आवळल्यावर. ओल्यावर लावले की घसरतात.

उतारावर हळीव पेरा, तेही वसुबारसेच्या दोन-तीन दिवस आधी. उगवून हिरवं दिसायला चार-पाच दिवस लागतात. ऐन लक्ष्मीपूजनाला पेरलं तर दिवाळीभर किल्ला बोडकाच. पाणी तांब्याने ओतू नका, बी वाहून पायथ्याशी जमतं. हाताने शिंपडा.

मावळे सगळ्यात शेवटी मांडा. मुलं ऐकणार नाहीत, पण डबा लपवून ठेवा.